कर्ज काढावं की शेअर विकावेत? १ कोटी ८५ लाखांचा आकडा

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत मध्यम आकाराची एक फाउंड्री आहे, असं समजू. ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना ती कास्टिंग पुरवते. ऑर्डरी वाढल्या आहेत, पण जुनी भट्टी पुरत नाही. नवी इंडक्शन भट्टी, मोल्डिंग लाइन आणि विजेचा वाढीव भार मिळून ५ कोटी रुपये लागणार आहेत. ही कंपनी काल्पनिक आहे, मात्र तिच्यापुढचा प्रश्न दरवर्षी शेकडो कारखान्यांपुढे येतो. हे ५ कोटी बँकेकडून घ्यायचे, की नवे शेअर देऊन एखाद्या गुंतवणूकदाराकडून?

या प्रश्नावर घरोघरी ठरलेली मतं असतात. एक भाऊ म्हणतो, कर्ज नको, डोक्याला ताप. दुसरा म्हणतो, परक्याला भागीदार करण्यापेक्षा व्याज परवडलं. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. कोणाचं कधी खरं ठरेल, हे एका आकड्यावर अवलंबून असतं आणि तो आकडा कागदावर चार ओळींत काढता येतो. वित्तशास्त्रात त्याला तटस्थता बिंदू म्हणतात. सीएंच्या कार्यालयात तो ‘इंडिफरन्स पॉइंट’ या नावानेच ओळखला जातो. व्याज आणि कर भरण्यापूर्वीचा नफा नेमका किती असला की दोन्ही मार्गांनी प्रत्येक शेअरमागे सारखीच मिळकत उरते, ते हा बिंदू सांगतो.

आधी मांडणी

कंपनीचे आज १० लाख शेअर आहेत आणि ते सगळे कुटुंबाकडे आहेत. खेळत्या भांडवलासाठी बँकेची २ कोटींची कॅश क्रेडिट आहे. तिचं व्याज वर्षाला २० लाख रुपये होतं. व्याज आणि कर भरण्यापूर्वीचा आजचा नफा १ कोटी ४० लाख आहे. या नफ्याला इथून पुढे नुसतं ‘कामकाजाचा नफा’ म्हणू. कच्चा माल, वीज, पगार, घसारा असा कारखाना चालवण्याचा सगळा खर्च यातून वजा झालेला आहे. पैसा कोणाकडून आणला, याचा मात्र यात अजून मागमूस नाही. म्हणूनच दोन मार्गांची तुलना इथून सुरू करता येते.

पहिला मार्ग कर्जाचा आहे. बँक ११ टक्क्यांनी ५ कोटींचं मुदत कर्ज देईल. त्याचं व्याज वर्षाला ५५ लाख होईल आणि जुने २० लाख धरून एकूण व्याज ७५ लाखांवर जाईल. शेअर मात्र १० लाखच राहतील.

दुसरा मार्ग शेअरचा आहे. गुंतवणूकदार १०० रुपयांना एक शेअर घ्यायला तयार आहे. ५ कोटींसाठी त्याला ५ लाख शेअर द्यावे लागतील. व्याज २० लाखच राहील, पण नफ्याचे वाटेकरी १० लाखांवरून १५ लाख शेअर होतील.

प्राप्तिकर २५ टक्के धरू. सवलती सोडून नवा दर स्वीकारणाऱ्या देशी कंपन्यांना २२ टक्के मूळ दर, त्यावरचा अधिभार आणि उपकर मिळून २५.१६८ टक्के कर पडतो, त्यामुळे हा आकडा वास्तवाच्या जवळचा आहे.

चार ओळींचं गणित

कामकाजाच्या नफ्यातून व्याज वजा करायचं, उरलेल्यातून कर वजा करायचा आणि जे राहील त्याला शेअरच्या संख्येने भागायचं. मिळालेला आकडा म्हणजे प्रतिशेअर मिळकत. दोन्ही मार्गांनी ती सारखी यावी, अशी अट घातली की समीकरण तयार होतं. अज्ञात नफ्याला ‘न’ म्हणू. सगळे आकडे लाखांत आहेत.

(न − ७५) × ०.७५ ÷ १० = (न − २०) × ०.७५ ÷ १५

दोन्ही बाजूंचा ०.७५ निघून जातो. कर दोन्ही मार्गांना सारखाच लागतो, म्हणून कर्ज आणि साधे शेअर यांच्यातला हा बिंदू कराच्या दराने हलत नाही. प्राधान्य शेअर मध्ये आले तर असं होत नाही, कारण त्यांचा लाभांश कर भरून झाल्यावरच्या नफ्यातून द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात पुढची पायरी सोपी आहे:

१५ × (न − ७५) = १० × (न − २०)

५न = ९२५, म्हणून न = १८५.

म्हणजे बिंदू १ कोटी ८५ लाखांवर आहे. पडताळा लगेच घेता येतो. कर्जाच्या मार्गाने १८५ मधून ७५ गेले, उरले ११०. कर जाऊन ८२.५ राहिले आणि १० लाख शेअरमध्ये वाटल्यावर शेअरमागे ८ रुपये २५ पैसे आले. शेअरच्या मार्गाने १८५ मधून २० गेले, उरले १६५. कर जाऊन १२३.७५ राहिले आणि १५ लाख शेअरमध्ये वाटल्यावर पुन्हा ८ रुपये २५ पैसेच आले.

बिंदूच्या दोन बाजूंना काय होतं, ते या तक्त्यात दिसेल.

| कामकाजाचा नफा (लाख रु.) | कर्ज घेतल्यास शेअरमागे (रु.) | शेअर विकल्यास शेअरमागे (रु.) |
|---|---|---|
| ७५ | ० | २.७५ |
| १४० | ४.८८ | ६.०० |
| १८५ | ८.२५ | ८.२५ |
| २६० | १३.८८ | १२.०० |

कर्जाच्या स्तंभातले आकडे झपाट्याने चढतात आणि तितक्याच झपाट्याने उतरतात. व्याज ठरलेलं असल्यामुळे त्याच्या वरचा प्रत्येक रुपया थोड्या शेअरमध्ये वाटला जातो. नफा घसरला तर तेच व्याज त्याच थोड्या शेअरच्या डोक्यावर बसतं.

१८५ म्हणजे काय?

बहुतेक ठिकाणी गणित इथे थांबतं: अपेक्षित नफा १८५ लाखांच्या वर असेल तर कर्ज घ्या, खाली असेल तर शेअर विका. पण हा आकडा आला कुठून, हे समजल्याशिवाय त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

तटस्थता बिंदूपाशी करापूर्वीची प्रतिशेअर मिळकत किती आहे, ते पाहा. १६५ लाख भागिले १५ लाख शेअर, म्हणजे ११ रुपये. दुसऱ्या बाजूने ११० लाख भागिले १० लाख शेअर, म्हणजे तेही ११ रुपयेच. हा ११ योगायोगाने आलेला नाही. एक नवा शेअर विकून १०० रुपये येतात. तेच १०० रुपये बँकेकडून घेतले तर वर्षाला ११ रुपये व्याज पडतं. म्हणजे नव्या भागीदाराला एका शेअरमागे नफ्यातला जो वाटा जाईल, तो आणि बँकेला तेवढ्याच रकमेवर द्यावं लागणारं व्याज जिथे बरोबरीत येतात, तोच तटस्थता बिंदू. शेअरमागे ११ रुपयांहून जास्त कमाई होत असेल तर भागीदार बँकेपेक्षा महाग पडतो, कमी होत असेल तर स्वस्त पडतो.

एवढं कळलं की समीकरण न मांडताही उत्तर निघतं. शेअरची विक्री किंमत गुणिले व्याजदर म्हणजे ११ रुपये. ११ गुणिले शेअर विकल्यानंतरची एकूण संख्या १५ लाख म्हणजे १६५ लाख. त्यात जुनं व्याज २० लाख मिळवलं की १८५ लाख.

या रीतीने एक महत्त्वाची गोष्ट उघडी पडते. हा बिंदू व्याजदराइतकाच शेअरच्या किमतीवरही उभा आहे. गुंतवणूकदार १०० ऐवजी १५० रुपये द्यायला तयार झाला, तर नवे शेअर ३.३३ लाखच द्यावे लागतात. मग बिंदू येतो १६.५० रुपये गुणिले १३.३३ लाख अधिक २० लाख, म्हणजे २४० लाखांवर. किंमत ५० रुपयेच मिळाली तर ५.५० गुणिले २० लाख अधिक २० लाख, म्हणजे बिंदू १३० लाखांवर उतरतो. शेअरला भाव चांगला मिळत असेल तर कर्जाला आपली बाजू सिद्ध करायला जास्त नफा दाखवावा लागतो. भाव पडलेला असेल तर कर्ज लवकर सरस ठरतं. बँकेशी पाव टक्क्यासाठी चार बैठका घेणारे मालक शेअरची किंमत मात्र एका बैठकीत ठरवून मोकळे होतात, हे पाहून वाईट वाटतं. इथे ५० रुपयांच्या फरकाने बिंदू ५५ लाखांनी हलतो, तर व्याजदरातल्या पाव टक्क्याने पावणेचार लाखांनी.

बरोबरी म्हणजे फायदा नव्हे

दुसरा गैरसमज यापेक्षा घातक आहे. १८५ लाखांवर दोन्ही मार्ग सारखे आहेत, म्हणजे तिथपर्यंत नफा गेला तरी चालेल, असा अर्थ अनेक जण काढतात. आपल्या कंपनीची आजची मिळकत पाहा. १४० मधून २० व्याज गेलं, उरलेल्या १२० मधून कर गेला, ९० लाख राहिले. दहा लाख शेअरमध्ये वाटल्यावर शेअरमागे ९ रुपये. बिंदूपाशी मिळतात ८ रुपये २५ पैसे. म्हणजे ५ कोटी घालून, भट्टी उभारून, वर्षभर धावपळ करून प्रत्येक शेअरची मिळकत ७५ पैशांनी घटली. यात नवल काही नाही. नफा १४० वरून १८५ झाला, म्हणजे ५ कोटींवर ४५ लाख मिळाले. हा परतावा ९ टक्के झाला आणि पैसा आणला ११ टक्क्यांनी.

आजचे ९ रुपये टिकवायचे असतील तर कर्जाच्या मार्गाने नफा किमान १९५ लाख हवा आणि शेअरच्या मार्गाने २०० लाख. हे दोन्ही आकडे तटस्थता बिंदूच्या वर आहेत. पैसा कुठून आणायचा, एवढंच हा बिंदू सांगतो. भट्टी उभारावी की नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. तो निर्णय प्रकल्पाच्या स्वतःच्या परताव्यावर आधी व्हायला हवा.

रुपयांचं रूपांतर टनांत

भट्टी सुरू झाल्यावर वर्षाला ३,००० टन कास्टिंग जाईल आणि कामकाजाचा नफा २६० लाख होईल, असा कंपनीचा अंदाज आहे. २६० आणि १८५ मध्ये ७५ लाखांचं अंतर आहे. कागदावर ते भरघोस दिसतं, पण कारखान्यात ते किती टिकाऊ आहे?

किलोला सरासरी ११० रुपये भाव धरू. बीड, भंगार, वीज, वाळू, तुकड्यावरची मजुरी असा मालाबरोबर वाढणारा खर्च किलोला ८० रुपये धरू. उरतात किलोला ३० रुपये, म्हणजे टनाला ३०,०००. ३,००० टनांचे झाले ९ कोटी. त्यातून पगार, देखभाल, घसारा असा ठरलेला खर्च ६ कोटी ४० लाख गेला की २६० लाख राहतात.

आता उलटा हिशेब करू. १८५ लाख नफ्यासाठी ८ कोटी २५ लाख उरायला हवेत, म्हणजे २,७५० टन विक्री. अंदाजापेक्षा फक्त २५० टन कमी. महिन्याचं उत्पादनच २५० टन आहे. वर्षातल्या एका महिन्याच्या ऑर्डरी हुकल्या की कंपनी तटस्थता बिंदूवर येऊन बसते. किंवा टन पूर्ण झाले, पण भंगार महागलं आणि ग्राहकाने भाव वाढवून दिला नाही, तर किलोमागे अडीच रुपयांची घट तेच काम करते. ७५ लाखांचं मोठं वाटणारं अंतर म्हणजे एक महिना किंवा अडीच रुपये.

पावसाने ओढ दिली की ट्रॅक्टरच्या ऑर्डरी थंडावतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे मागच्या सात-आठ वर्षांची नफा-तोटा पत्रकं काढून, वाईटात वाईट वर्षात विक्री किती घसरली होती, ते पाहणं हा या गणिताचा अविभाज्य भाग मानायला हवा. ठरलेला खर्च ज्या धंद्यात जास्त, तिथे विक्रीतली थोडी घटही नफ्याला मोठा हादरा देते, आणि त्यावर ठरलेलं व्याज चढलं की हादरा आणखी वाढतो.

मिळकतीत न दिसणारा हप्ता

प्रतिशेअर मिळकतीत व्याज दिसतं, पण मुद्दलाची परतफेड कुठेच दिसत नाही. बँकेचं कर्ज सात वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी हप्ता नाही आणि पुढच्या सहा वर्षांत ५ कोटी फेडायचे आहेत. म्हणजे वर्षाला सुमारे ८३ लाख, आणि तेही कर भरून उरलेल्या पैशातून.

यासाठी बँकर वेगळं माप वापरतात. त्याला ते डीएससीआर म्हणतात. निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज यांची बेरीज करायची आणि तिला व्याज अधिक हप्ता यांच्या बेरजेने भागायचं. उत्तर १ आलं तर कमाई आणि परतफेड तंतोतंत भिडतात. त्याच्या खाली गेलं की हप्ता थकतो. घसारा ६० लाख धरून पहिल्या हप्त्याच्या वर्षाचा हिशेब असा येतो. १८५ लाख नफ्यावर ८२.५ अधिक ६० अधिक ५५ म्हणजे १९७.५ लाख, भागिले १३८, उत्तर १.४३. बँक हे समाधानाने स्वीकारेल. पण दोन महिन्यांच्या ऑर्डरी गेल्या, विक्री २,५०० टनांवर आली, तर नफा ११० लाख राहतो आणि माप १.०२ वर येतं. शेअरमागे अजून २ रुपये ६३ पैसे मिळकत दिसते आहे, पण हप्ता भरल्यावर गल्ल्यात जवळपास काही उरत नाही. तटस्थता बिंदूचा आलेख या ठिकाणी कसलाही इशारा देत नाही, म्हणून हे माप त्याच्या शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

मिळकतीच्या आकड्याला आणखी एक मर्यादा आहे. फ्रँको मोदिलियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली दाखवून दिलं की कर आणि दिवाळखोरीचा खर्च बाजूला ठेवला, तर नुसतं कर्ज वाढवून कंपनीचं एकूण मोल वाढत नाही. शेअरमागची मिळकत वाढते, पण तिच्यातला चढउतारही वाढतो, आणि जाणता गुंतवणूकदार अशा मिळकतीला कमी भाव देतो. करामुळे फरक पडतो, हे खरं. ५५ लाख व्याजामुळे कर वर्षाला पावणेचौदा लाखांनी कमी होतो. पण १२ रुपयांवरून १३ रुपये ८८ पैशांवर गेलेली मिळकत पूर्णपणे फुकटचा फायदा नाही. तिचा काही भाग अंगावर घेतलेल्या जोखमीचा मोबदला आहे.

मधला मार्ग

प्रत्यक्षात बँक पूर्ण प्रकल्पाला कर्ज देतही नाही. काही वाटा मालकाने आणावा, अशी तिची अट असते. मग ३ कोटी कर्ज आणि २ कोटींचे शेअर असं मिश्रण केलं तर तटस्थता बिंदू कुठे जाईल? नवं व्याज ३३ लाख, एकूण ५३ लाख. शेअर १२ लाख. १८५ मधून ५३ गेले, १३२ राहिले, कर जाऊन ९९ लाख, शेअरमागे ८ रुपये २५ पैसे. तोच आकडा.

व्याजदर आणि शेअरची किंमत तीच असेल, तर कर्ज आणि शेअर कोणत्याही प्रमाणात मिसळा, सगळ्या रेषा १८५ लाखांवरच एकमेकींना छेदतात. कारण त्या ठिकाणी बँकेचे १०० रुपये आणि भागीदाराचे १०० रुपये सारख्याच किमतीला पडतात. मिश्रणाने बिंदू हलत नाही. त्याच्या दोन बाजूंना मिळकत किती वेगाने चढेल-उतरेल, ते मात्र बदलतं.

आपल्या फाउंड्रीला हे मिश्रण काय देतं? अंदाजाप्रमाणे २६० लाख नफा झाला तर शेअरमागे १२ रुपये ९४ पैसे, म्हणजे पूर्ण कर्जापेक्षा ९४ पैसे कमी. दोन महिन्यांच्या ऑर्डरी गेल्या तर डीएससीआर १.०२ ऐवजी १.६४, म्हणजे हप्ता निर्धास्त. आणि नव्या भागीदाराचा वाटा एकतृतीयांशाऐवजी एकषष्ठांश. कंपनी कायद्यात विशेष ठराव मंजूर व्हायला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात. त्यामुळे एकतृतीयांश वाटा असलेला भागीदार असा कोणताही ठराव अडवू शकतो, एकषष्ठांशवाला एकट्याच्या बळावर अडवू शकत नाही.

शेअरमागचे ९४ पैसे सोडून दुष्काळी वर्षात हप्ता भरण्याची ऐपत आणि घरचं नियंत्रण या दोन्ही गोष्टी मिळत असतील, तर या फाउंड्रीने हा सौदा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या कंपनीच्या ऑर्डरी वर्षानुवर्षे स्थिर आहेत आणि जिची विक्री एका महिन्याइतकीही कधी घसरलेली नाही, तिने बँक देईल तेवढं कर्ज घ्यायला हरकत नाही. दोघींचा तटस्थता बिंदू एकच असू शकतो. मागच्या वाईट वर्षात आपण त्या बिंदूच्या कुठल्या बाजूला उभे होतो, ते आपल्याच जुन्या नफा-तोटा पत्रकात लिहिलेलं असतं, आणि कर्जाचं प्रमाण तिथून ठरवावं.